थकलेले भाडे आणि एक पत्र
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



न्यासाच्या कामाविषयी दोन शब्द बोलावेत अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. शिष्यवृत्त्या, औषधमदत, वाचनालय यांची माहिती अहवालात छापून आली आहे; ती पुन्हा सांगून आपला वेळ घेत नाही. ज्या कामाचा अहवालात उल्लेख नाही आणि ज्यात न्यासाचा एक पैसाही खर्च होत नाही, अशा एका कामाविषयी आम्ही बोलणार आहोत. ते काम म्हणजे भाडे थकलेल्या कुटुंबाबरोबर बसून घरमालकास पत्र लिहिणे.

या सभेत भाडेकरूही बसले आहेत आणि घरमालकही बसले आहेत. उज्जैनीच्या जुन्या पेठांत, गोपाळ मंदिराच्या आणि पटनी बाजाराच्या आसपास, मालक वर आणि बिऱ्हाडे खाली असे वाडे अजून आहेत. एकाच जिन्याने रोज जायचे-यायचे आणि भाड्याचा विषय निघू नये म्हणून नजर चुकवायची, हा अनुभव दोन्ही बाजूंना आहे. म्हणून आमचे बोलणे एका बाजूचे असणार नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. 2020 साली टाळेबंदी झाली, तेव्हा केंद्रीय गृहमंत्रालयाने 29 मार्च रोजी हुकूम काढला की, मजुरांकडून घरमालकांनी एक महिना भाड्याची मागणी करू नये. आपल्याकडे अनेकांनी त्याचा अर्थ भाडे माफ झाले असा केला. तसे नव्हते. मागणी थांबली होती, देणे नाहीसे झाले नव्हते. त्याच वर्षी 21 मे रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने खान मार्केटमधील एका दुकानाच्या प्रकरणात हीच गोष्ट स्पष्ट केली. दुकान बंद आहे, सबब भाडे थांबवावे, ही मागणी कोर्टाने नाकारली. मात्र भरण्याच्या तारखा थोड्या पुढे नेऊन दिल्या. म्हणजे संकट खरे असले तरी रक्कम तीच राहते, हलवता येते ती तारीख. आमचे सारे काम या एका वाक्यात येते. भाडेकरूने सूट मागू नये, तारखा मागाव्यात. आणि त्या तारखा इतक्या नेमक्या असाव्यात की मालकाला आपल्या घरखर्चाचा हिशेब त्यावर मांडता यावा.

आता एका कुटुंबाची हकिगत सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. गृहस्थ शिवणकाम करतात. लग्नसराईत हाताला उसंत नसते, चातुर्मासात मशीन निम्मा दिवस झाकलेले असते. 2023 साली श्रावण अधिक आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. 29 जूनच्या देवशयनीपासून 23 नोव्हेंबरच्या देवउठनीपर्यंत लग्नाचे काम नाही. त्यातच ऑगस्टमध्ये पत्नीचे ऑपरेशन झाले. भाडे दरमहा 4,500 रुपये, पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत द्यायचे. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंतचे पाच महिन्यांचे भाडे राहिले.

मालक वरच्या मजल्यावर राहणारे वृद्ध गृहस्थ. त्यांना हे लोक काका म्हणतात. काकांना पेन्शन नाही; खालच्या दोन बिऱ्हाडांचे भाडे हेच त्यांचे उत्पन्न, आणि त्यातूनच दर महिन्याची औषधे येतात. ते चार महिने काही बोलले नाहीत. पाचव्या महिन्यात त्यांनी वकिलाकडे जाऊन नोटिशीची चौकशी केली. हे कळल्यावर शिवणकाम करणारे गृहस्थ एका रविवारी आमच्याकडे आले. खिशात एक पत्र लिहून आणले होते. त्यात परिस्थितीचे वर्णन दीड पान होते, पत्नीच्या आजाराची सारी हकिगत होती, आणि शेवटी लिहिले होते की, सवडीप्रमाणे लवकरात लवकर सर्व रक्कम फेडू.

आम्ही त्यांना विचारले, “सवडीप्रमाणे म्हणजे किती आणि केव्हा?” ते गप्प राहिले. मालकाच्या मनातही हाच प्रश्न असतो. दीड पान वाचूनही त्याचे उत्तर मिळाले नाही, तर पत्र वाचणाऱ्याला ते टाळाटाळीचेच वाटते, लिहिणारा कितीही खरा असो.

पत्र बाजूला ठेवून आम्ही पहिले काम हाती घेतले. ते म्हणजे आकडा ठरवणे. पाच महिन्यांचे 22,500 होतात, हे सरळ दिसते. पण दसऱ्याच्या सुमारास या गृहस्थांनी काकांना 2,500 रुपये रोख दिले होते. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते सारे भाड्यात गेले, म्हणून बाकी 20,000. काकांच्या वहीत मात्र त्यांपैकी 1,000 विजेच्या हिश्शाचे आणि 1,500 भाड्याचे असे लिहिलेले होते. पावती कोणाकडेच नव्हती. भांडण पेटायला एवढी ठिणगी पुरते. पत्रात 20,000 लिहिले असते तर काकांनी पहिल्याच ओळीवर पत्र परत केले असते.

येथे कायद्यातील एक साधा नियम उपयोगी पडतो. तो भारतीय करार अधिनियम, 1872 मध्ये आहे. देणे अनेक बाबींचे असेल, तर पैसे देणाराने ते कशापोटी देतो हे त्या वेळी सांगावे. तसे सांगितले तर घेणाराने त्याप्रमाणेच जमा करावे. देणारा काही बोलला नाही, आणि परिस्थितीवरूनही उलगडा होत नसेल, तर घेणारा आपल्या मर्जीप्रमाणे कोणत्याही कायदेशीर येण्यात जमा करू शकतो. आमचे गृहस्थ त्या वेळी काही बोलले नव्हते. काकांनी विजेत हजार रुपये धरले, यात त्यांची चूक नव्हती. हे समजावल्यावर गृहस्थांनी ते मान्य केले. मग ते स्वतः वर गेले, काकांची वही आणि आपली वही समोरासमोर ठेवली, आणि दोघांनी मिळून बाकी 21,000 रुपये ठरवली. पत्र लिहिण्यापूर्वीच अर्धे काम येथे झाले.

दुसरे काम हप्ता ठरवण्याचे. गृहस्थ उत्साहाने म्हणाले, “दरमहा 3,000 देतो, सात महिन्यांत फिटेल.” पुढे लग्नाचे मुहूर्त होते, त्या भरात हा आकडा आला. आम्ही त्यांच्या पत्नीला खर्च विचारला. शिधा, भाडे, वीज-गॅस, मुलाची शाळा, औषध आणि किरकोळ मिळून महिन्याचे 16,300 होत होते. लग्नसराईत मिळकत 24,000 पर्यंत जाते, पण पावसाळ्यात 18,000 वर येते. म्हणजे वाईट महिन्यात शिल्लक 1,700 उरते. हप्ता ठरवायचा तो याच महिन्यावरून. चांगल्या महिन्यावरून ठरवलेला हप्ता पावसाळ्यात हमखास चुकतो, आणि चुकलेला हप्ता मूळ थकबाकीपेक्षा अधिक नुकसान करतो, कारण तेव्हा शब्दही जातो. म्हणून 1,500 हा आकडा ठरला.

पण 21,000 रुपये 1,500 ने फेडायचे तर चौदा महिने लागतात, आणि पहिला पैसा हातात पडायलाही महिना जातो. वृद्ध माणसाला हे फार वाटणार. तेव्हा पत्नीने भिशीचे आलेले 3,000 रुपये पुढे केले. पत्राबरोबरच ते द्यायचे ठरले. उरले 18,000, त्याचे 1,500 चे बरोबर बारा हप्ते. पत्राबरोबर दिलेली रक्कम लहान असली तरी चालते. ती असली की पत्र केवळ वचन राहत नाही.

आणखी एक गोष्ट या मांडणीत आपोआप जुळली. ऑगस्टच्या भाड्यापैकी 1,500 दसऱ्याला पोचले होते. हे 3,000 आले की ऑगस्ट पुरा झाला. पुढे दर तीन हप्त्यांत एका महिन्याचे भाडे फिटते. त्यामुळे पावतीवर “थकबाकीपोटी” असे मोघम न लिहिता, कोणत्या महिन्याचे ते लिहिता आले. हिशेब असा बसेल तर तसा बसवून घ्यावा.

तिसरी गोष्ट चालू भाड्याची. पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द “शिवाय” हा आहे. हप्ता चालू भाड्याशिवाय द्यायचा असतो. अनेक पत्रांत आम्ही पाहिले आहे की, माणूस जुनी बाकी फेडू लागतो आणि त्या भरात चालू महिना राहतो. वर्षाअखेर बाकी जिथल्या तिथे असते, फक्त तिच्या महिन्यांची नावे बदललेली असतात. या कुटुंबाने दर 10 तारखेस 4,500 आणि 1,500 मिळून 6,000 द्यायचे, असा बेत ठरला.

मग पत्र लिहिले. घरमालक हिंदीभाषी असेल तर पत्र हिंदीत लिहावे. येथे काका मराठीच होते. पत्र पुढीलप्रमाणे होते.

उज्जैन, दिनांक 12 जानेवारी 2024

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

आपल्या वाड्यातील खालच्या मजल्यावरील दोन खोल्यांचे दरमहा 4,500 रुपयांप्रमाणे ऑगस्ट ते डिसेंबर 2023 या पाच महिन्यांचे भाडे माझ्याकडून थकले आहे. दसऱ्याच्या सुमारास दिलेल्या रकमेपैकी 1,500 रुपये ऑगस्टच्या भाड्यात जमा आहेत. आपण व मी दोघांच्या वह्या पाहून आजची बाकी 21,000 रुपये ठरवली आहे. ती मला मान्य आहे. घरातील आजारपण व लांबलेला चातुर्मास यांमुळे हा विलंब झाला. आपण इतके दिवस थांबलात याची मला जाणीव आहे.

ही बाकी मी पुढीलप्रमाणे फेडीन.

1. या पत्रासोबत 3,000 रुपये देत आहे. ते ऑगस्ट 2023 च्या भाड्यापोटी जमा करावेत. त्याने ऑगस्ट पुरा होतो व बाकी 18,000 राहते.
2. उरलेले 18,000 रुपये दरमहा 1,500 रुपयांच्या बारा समान हप्त्यांत, प्रत्येक महिन्याच्या 10 तारखेस देईन. पहिला हप्ता 10 फेब्रुवारी 2024 रोजी, शेवटचा 10 जानेवारी 2025 रोजी.
3. फेब्रुवारी, मार्च, एप्रिलचे हप्ते सप्टेंबर 2023 च्या भाड्यात. मे, जून, जुलैचे ऑक्टोबरच्या. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरचे नोव्हेंबरच्या. आणि नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीचे डिसेंबर 2023 च्या भाड्यात जमा करावेत. म्हणजे 10 एप्रिलला बाकी 13,500, 10 जुलैला 9,000, 10 ऑक्टोबरला 4,500 आणि 10 जानेवारी 2025 ला काही नाही.
4. जानेवारी 2024 पासूनचे चालू भाडे याशिवाय, नेहमीप्रमाणे पुढील महिन्याच्या 10 तारखेपर्यंत पूर्ण देईन. भाडे व हप्ता यांच्या पावत्या वेगळ्या द्याव्यात, ही विनंती.
5. एखाद्या महिन्यात हप्ता पूर्ण देणे अशक्य दिसले, तर 5 तारखेपूर्वी स्वतः येऊन सांगेन आणि राहिलेली रक्कम पुढील हप्त्याबरोबर देईन.

हे वेळापत्रक मान्य असल्यास सोबतच्या प्रतीवर तशी सही व तारीख द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
(सही)

काकांनी पत्र दोनदा वाचले. पहिला प्रश्न केला तो असा की, दिवाळीपर्यंत सारे का फिटत नाही? गृहस्थांनी पावसाळ्यातल्या महिन्याचा हिशेब सांगितला, तेव्हा ते म्हणाले, “बरे, पण तू सलग दोन हप्ते चुकवलेस तर मी बारा महिने थांबणार नाही.” ही मागणी रास्त होती. तसे वाक्य पत्राच्या दोन्ही प्रतींवर वाढवले: सलग दोन हप्ते चुकल्यास उरलेली सर्व बाकी एकदम मागण्याचा मालकास अधिकार राहील. मग काकांनी प्रतीवर आपल्या हाताने लिहिले, “वेळापत्रक मान्य. ते पाळले जाईल तोवर या थकबाकीबद्दल नोटीस देणार नाही.” खाली सही आणि तारीख.

काकांच्या या दोन वाक्यांचे मोल किती, हे समजण्यासाठी कायद्याकडे वळावे लागेल. भाडेनियंत्रणाखालच्या आपल्या जुन्या वाड्यांच्या बाबतीत वकील मंडळी ज्याचा आधार घेत आली, तो मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961. त्याच्या बाराव्या कलमात घर खाली करून मागण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत पहिले कारण भाडे थकल्याचे आहे. मालकाने मागणीची नोटीस बजावल्यापासून दोन महिन्यांच्या आत भाडेकरूने सर्व थकबाकी दिली नाही किंवा देऊ केली नाही, तर मालकास दावा लावता येतो. “सर्व” या शब्दाकडे लक्ष द्यावे. हप्त्याने देऊ केलेली रक्कम ही सर्व रक्कम नव्हे. मालकाने हप्ते मान्य केले नसतील, तर भाडेकरूने एकट्याने पाठवलेले सुंदर वेळापत्रक त्याला या कलमातून सोडवत नाही. ते विनंतीपत्र असते, मालकाच्या सहीने ते करार होते.

दावा लागल्यावर काय होते, तेही सांगतो. तेराव्या कलमाप्रमाणे समन्स मिळाल्यापासून एक महिन्यात सर्व थकबाकी कोर्टात भरावी लागते किंवा मालकास द्यावी लागते. अर्ज केल्यास कोर्ट मुदत वाढवू शकते. पुढे दावा चालेपर्यंत दरमहा 15 तारखेपर्यंत भाडे भरत राहावे लागते. यात कसूर झाली तर भाडेकरूचा बचाव काढून टाकण्याचा अधिकार कोर्टास आहे. याप्रमाणे सारे भरले, तर थकबाकीच्या कारणावर घर जात नाही. पण ही सवलत एकदाच. ती घेऊन पुन्हा सलग तीन महिने भाडे थकवले तर ती दुसऱ्यांदा मिळत नाही.

यावरून पत्राची योग्य वेळ कळते. ती नोटिशीपूर्वीची. नोटीस येऊन गेली असेल तर पत्र लिहावेच, पण दोन महिन्यांच्या आत मालकाची लेखी मान्यता मिळवावी, आणि या नोटिशीवर पुढील कारवाई करणार नाही असे त्याच्याकडून लिहून घ्यावे. ते मिळत नसेल तर हप्त्यांच्या भरवशावर न राहता, उसने घेऊन का होईना, सर्व रक्कम मुदतीत द्यावी. नव्याने केलेल्या भाडेकराराला कोणता कायदा लागू होतो, हे करार दाखवून वकिलाकडून समजून घ्यावे. धर्मादाय संस्थांच्या मालकीच्या जागांना या अधिनियमातून सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे. म्हणून संस्थेच्या खोलीत राहणाऱ्यांनीही ही चौकशी आधी करावी.

आणखी एक गोष्ट सावधपणे सांगावी लागते. “बाकी मला मान्य आहे” हे वाक्य हलके नाही. थकलेल्या भाड्याचा दावा ते भाडे देय झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो, असे मुदत अधिनियम, 1963 सांगतो. त्या मुदतीत भाडेकरूने सही करून बाकी कबूल केली, की मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. मुदत टळून गेलेल्या रकमेबद्दलही जर कोणी सही करून “ही रक्कम देईन” असे वचन लिहून दिले, तर ते वचन बांधते. आमच्या गृहस्थांची बाकी पाच महिन्यांची होती, तेथे हा प्रश्न नव्हता. पण मागे एक कुटुंब पाच वर्षांपूर्वीच्या रकमेचा वाद घेऊन आले होते. काही महिने दिले होते असे ते म्हणत, मालक नाही म्हणत. तेथे आम्ही वादातले महिने पत्रात मिसळू दिले नाहीत. ज्या महिन्यांबद्दल दोघांचे एकमत होते, तेवढ्यांची नावे लिहून हप्ते बांधले. खरे देणे बुडवावे असे आम्ही कधी सांगत नाही. आपण कशावर सही करतो हे समजून करावी, एवढेच सांगतो.

आता त्या वर्षाची गोष्ट पुरी करू. फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत सात हप्ते बिनबोभाट गेले. दर 10 तारखेस गृहस्थ वर जात. काही महिने रोख देत, काही महिने मोबाइलवरून यूपीआयने पाठवत. मोबाइलवरून पाठवताना एकदम 6,000 न पाठवता 4,500 आणि 1,500 अशा दोन रकमा वेगळ्या पाठवायच्या, आणि शेऱ्याच्या जागी “जून 2024 भाडे” व “ऑक्टोबर 2023 हप्ता” असे लिहायचे, हे आम्ही त्यांना सांगितले होते. बँकेच्या नोंदीत तारीख राहते, पण पैसे कशाचे हे आपण लिहिले तरच राहते.

सप्टेंबरचा हप्ता अडला. पावसात काम कमी झाले आणि महिन्याची मिळकत 17,000 वरच थांबली. खर्च जाऊन 700 उरले. गृहस्थ 4 तारखेलाच वर गेले आणि काकांना म्हणाले, “काका, या खेपेला भाडे पुरते देतो, पण हप्त्यापैकी 500 च जमतील. राहिलेले हजार पुढच्या हप्त्यात.” काकांनी वहीत तसे टिपून घेतले. पुढे नवरात्राच्या शिवणाची आगाऊ रक्कम आली आणि 10 ऑक्टोबरला त्यांनी हप्त्याचे 2,500 दिले. नोव्हेंबर 2023 चे भाडे पत्रात लिहिलेल्या तारखेलाच फिटले. पत्रातले पाचवे कलम नसते, तर तो सप्टेंबर नजर चुकवण्यात गेला असता. सांगायला जाणे अवघड असते खरे. पण 5 तारखेपूर्वी सांगितलेली अडचण ही अडचण राहते, 15 तारखेनंतर सांगितलेली तीच अडचण सबब ठरते.

10 जानेवारी 2025 रोजी बारावा हप्ता दिला. त्या दिवशी एक शेवटचे काम करायचे होते, ते पुष्कळ जण विसरतात. काकांकडून एक ओळ लिहून घेतली: “ऑगस्ट ते डिसेंबर 2023 चे सर्व भाडे पोचले, काही बाकी नाही.” हा कागद पत्राच्या प्रतीला जोडून ठेवला आहे. उद्या काकांच्या मागे त्यांची मुले वाडा पाहू लागली, तर त्यांना वही सापडेल न सापडेल. हा कागद बोलेल.

मालकाने सही नाकारली तर काय, असे कोणी विचारील. असे होते. तेव्हा पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे, प्रत आणि पोचपावती जपावी, आणि चालू भाडे तर एक दिवसही थांबवू नये. मालक भाडेच घेत नसेल, तर भाडेनियंत्रण अधिकाऱ्याकडे ते जमा करण्याची सोय 1961 च्या अधिनियमात ठेवलेली आहे. वकिलाच्या सल्ल्याने ती वापरावी. अशा पत्राने घर नक्की वाचते असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचा वाईट महिन्यातला जमाखर्च मुळातच तुटीचा आहे, त्याला कोणताही हप्ता झेपणार नाही. तेथे आम्ही वेळापत्रक लिहीत नाही. कमी भाड्याची जागा शोधून, जुनी बाकी तेथून फेडण्याचे पत्र लिहितो.

घरमालक बंधूंना एक विनंती करून थांबतो. असे पत्र आले तर लगेच हो किंवा नाही म्हणू नये. पहिला हप्ता चालू भाड्याशिवाय आहे ना, आकडा आपल्या वहीशी जुळतो ना, आणि शेवटची तारीख लिहिली आहे ना, एवढे पाहावे. तिन्ही असतील तर आपल्या हाताने मान्यता लिहून द्यावी आणि दर महिन्याला पावती द्यावी. त्या वाड्यातल्या काकांना वर्षभर दरमहा सरासरी सहा हजार मिळत गेले. दाव्याच्या पहिल्या वर्षात त्यांच्या हाती काय पडले असते, ते त्यांच्या वकिलानेच त्यांना सांगितले होते.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा न्यासाच्या कार्यालयात आम्ही बसतो. येताना भाड्याच्या पावत्या, वही, करार असल्यास करार, आणि मागच्या वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्याचा जमाखर्च एवढे बरोबर आणावे. नोटीस आली असेल तर तिचा लिफाफाही आणावा. दोन महिने ती हातात पडली त्या दिवसापासून मोजायचे असतात, आणि त्या मोजणीला लिफाफ्यावरचा शिक्का उपयोगी पडतो.